तिसऱ्या दिवसाचं पोट

*डॉक्टर, विचारायला लाज वाटते, पण विचारते. मी ३४ वर्षांची. मला लहानपणापासून दोन-तीन दिवसांतून एकदाच शौचाला होतं. माहेरी आईचंही तसंच आहे. त्रास काही नाही, कुंथावं लागत नाही. पण सासरी सगळ्यांचं पोट पहाटे साडेपाचला घड्याळासारखं! सासूबाई म्हणतात, मळ आत सडतो आणि त्याचं विष अंगात भिनतं. म्हणून दर रविवारी त्या मला चहातून एरंडेल देतात. त्यानंतर तीन-चार दिवस तर मला अजिबातच होत नाही, म्हणजे कोठा आणखी जड झालाय का? आता मी रात्री चूर्णही सुरू केलंय. हे बद्धकोष्ठच ना? रोजची सवय कशी लावू?*

*ता. क. सासऱ्यांचं (६२) उलटंच झालंय. दीडेक महिना ते दिवसातून तीन-चारदा जातात. मूळव्याध जुनीच आहे, कधीकधी थोडं रक्त दिसतं. त्यांनाही एकदा एरंडेल देऊन पोट साफ करून टाकावं का?*

ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ता. क.मध्ये टाकलंत. दवाखान्यातही हेच होतं. माणूस पंधरा मिनिटं गुडघ्याबद्दल बोलतो आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणतो, "हां, जाता जाता, छातीत जरा दुखतंय." तेव्हा आधी एवढंच सांगतो: सासऱ्यांना एरंडेल देऊ नका आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. का, ते पुढे येईलच. आधी तुमचं बघू, कारण तुमचं पोट कळलं की त्यांचं काय बिनसलंय ते कळायला सोपं जाईल.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी तुमचं पोट ठीक आहे. बिघडवतंय ते एरंडेल.

खाल्लेलं अन्न जठर आणि लहान आतडं पार करायला साधारण सहा-आठ तास घेतं. इथवर तुमच्यात आणि सासूबाईंच्यात फारसं अंतर नसतं. अंतर पडतं ते मोठ्या आतड्यात. जेमतेम दीड मीटरची ही नळी, पण तिचा वेग माणसागणिक वेगळा. दिवसाला सुमारे दीड लिटर पातळ ऐवज तिच्यात येतो. त्यातलं बहुतेक पाणी ती शोषून घेते आणि उरतो तो घट्टसर मळ. कुणाचं आतडं हे काम दहा-बारा तासांत उरकतं, कुणाचं दोन दिवस घेतं, आणि दोघंही धडधाकट असतात. मळ पुढे सरकतो तोही सतत नाही. दिवसातून मोजक्या वेळा एक जोराची लाट येते आणि बराचसा ऐवज एकदम पुढे ढकलते. ही लाट बहुधा सकाळी जाग आल्यावर येते, नाहीतर पोटात चहा-नाश्ता पडल्यावर. रात्री झोपेत आतडंही जवळजवळ झोपलेलं असतं. म्हणून सकाळचा चहा आणि संडास यांचं नातं जुळलेलं दिसतं. पण ती लाट आली तेव्हा शेवटच्या टप्प्यात पुरेसा ऐवज साठलेला नसेल, तर नुसती लाट येऊन जाते, कळ येत नाही. तुमच्या आतड्याला तेवढा ऐवज साठवायला दोन-तीन दिवस लागतात.

आपल्याकडच्या जुन्या बायकांना हे ठाऊक होतं. आयुर्वेदात मृदू, मध्य आणि क्रूर असे कोठ्याचे तीन प्रकार सांगितलेत आणि तिन्ही माणसाच्या घडणीचे प्रकार आहेत, आजार नव्हेत. सासूबाईंना पटवायचं तर इथूनच सुरुवात करा, माझ्या नावाने त्यांना काही पटणार नाही.

पाश्चात्त्य डॉक्टरांनी हे मोजूनही पाहिलं. १९६५ साली ब्रिटनमध्ये हजाराहून थोड्या अधिक लोकांच्या सवयी नोंदवल्या, त्यात जवळजवळ सगळे दिवसाला तीन वेळा ते आठवड्याला तीन वेळा या टापूत सापडले. 'निरोगी माणसाची मर्यादा' म्हणून आजही हेच आकडे सांगितले जातात. मला त्याहून बोलकी वाटते ती १९९२ साली प्रसिद्ध झालेली ब्रिस्टल शहरातली पाहणी. तिच्यात सुमारे १,९०० जणांना प्रत्यक्ष नोंदी ठेवायला लावल्या होत्या. दिवसातून एकदा, ठरल्या चक्रात जाणारे पुरुष निघाले शंभरात चाळीस आणि बायका शंभरात तेहतीस. म्हणजे जिला आपण 'नॉर्मल' सवय म्हणतो, ती असणारी माणसंच अल्पसंख्य होती! तरुण बायकांचं पोट पुरुषांपेक्षा मंद चालतं हेही त्या पाहणीत दिसलं. पाळीच्या आधी आणि पाळीत तुमचंही पोट बदलत असणार, बघा आठवून.

आपल्याकडे मात्र रोज एकदा किंवा दोनदा जाणारेच बहुसंख्य. ज्वारी-बाजरी, डाळी, पालेभाज्या यांचा चोथा भरपूर, त्यामुळे मळाचं वजनही जास्त. उत्तर भारतात १९७०च्या दशकात मोजलं तेव्हा माणशी दिवसाला सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास भरलं. ब्रिटनमध्ये ते साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं. अशा घरात तिसऱ्या दिवशी जाणारी सून उठून दिसणारच.

तुम्ही विचाराल, कधी आठवड्यात दोनदाच झालं तर? तो आकडा तीनच्या खाली नाही का? असेल. पण बद्धकोष्ठ ठरवताना डॉक्टर नुसते आकड्यावर जात नाहीत. जोर करावा लागतो का, मळ खड्यांसारखा येतो का, उठल्यावरही काही राहिल्यासारखं वाटतं का, मार्ग अडल्यासारखा वाटतो का, बोटाने काढावं लागतं का, आणि वारंवारता, अशा सहा गोष्टी बघतात. त्यातल्या किमान दोन नेहमी होत असतील, तरच त्याला बद्धकोष्ठ म्हणायचं. एकट्या वारंवारतेवर कुणाला रोगी ठरवत नाहीत. उलट रोज पहाटे साडेपाचला जाऊन वीस मिनिटं कुंथणारा आणि चार खडे टाकून उठणारा माणूस घड्याळाबरहुकूम असूनही बद्धकोष्ठाचा रोगी असतो. घरात असा कुणी आहे का, ते एकदा हळूच पाहा.

आता तुमचा रविवार. एरंडेलाने दोन ते सहा तासांत जुलाब होतात. पण नेहमीच्या शौचाला फक्त शेवटच्या टप्प्यातला ऐवज बाहेर पडतो, आणि एरंडेल मागचा बराचसा टप्पाही खरवडून नेतं. रविवारी दुपारी तुमचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. सोमवारी काही होत नाही, कारण आत काही नाही. मंगळवारी थोडं साठतं. तुमच्या आतड्याच्या चालीने बुधवारी रात्री किंवा गुरुवारी कुठे कळ यायची वेळ होते. म्हणजे हे तीन-चार दिवस बद्धकोष्ठाचे नाहीत, रिकामी कोठी पुन्हा भरण्याचे आहेत. तुम्ही मात्र मंगळवारीच घाबरून चूर्ण घेतलंत. बाजारातल्या बहुतेक चूर्णांचा कणा असतो सोनामुखी. ती मोठ्या आतड्याला चिमटे काढून सहा ते बारा तासांत काम करते, म्हणजे रात्री घेतली की सकाळी. त्यामुळे जे थोडं साठलं होतं तेही गेलं, गुरुवार हुकला, आणि 'औषधाशिवाय मला होतच नाही' ही समजूत पक्की झाली. सोनामुखीने आतडं कायमचं लुळं पडतं असं पूर्वी सांगत. त्याला आज तसा भक्कम पुरावा मिळत नाही. पण विनाकारण रोज जुलाब घेतले तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, पोटात मुरडा येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं खरं पोट कसं आहे हेच माणसाला कळेनासं होतं.

विषाचंही सांगतो, कारण ती कल्पना फक्त सासूबाईंची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे मोठे सर्जन होते. साठलेल्या मळाचं विष रक्तात भिनतं या खात्रीने त्यांनी रोग्यांची मोठी आतडी कापून काढली! पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून ठेवला. त्यांचंही डोकं जड झालं, अंग मोडून आलं, चिडचिड झाली, आणि कापूस काढताच थोड्या वेळात बरं वाटलं. कापसात कसलं विष? ते सगळं ताणाने होत होतं. विष असतं तर इतक्या लगेच उतरलं नसतं. मळ आतड्यात असणं हे सडणं नव्हे. मळाच्या घन भागात जंतूंचा वाटा मोठा असतो आणि ते तिथे कायमच राहायला असतात, रोज जाणाऱ्याच्या पोटातही.

तेव्हा एरंडेल बंद, चूर्ण बंद. पहिले चार-पाच दिवस काही झालं नाही तरी थांबा. मग तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा करा: कधी झालं, जोर लागला का, आणि मळ कसा होता. तुटक खडे म्हणजे आत फार वेळ राहिला. केळ्यासारखा सलग आणि मऊ म्हणजे उत्तम. काठ तुटलेले मऊ तुकडे किंवा लापशी म्हणजे घाईत बाहेर पडला. तिसऱ्या दिवशी येऊनही केळ्यासारखा असेल, तर 'रोजची सवय' लावायच्या भानगडीत पडू नका. खडे दिसले तर मात्र इसबगोल घ्या, चहाचे एक-दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यात, भिजल्याबरोबर प्यायचं आणि वर आणखी पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडू शकतं. पहिला आठवडा पोट थोडं फुगेल.

एक शंका मात्र विचारतो. सकाळी सात वाजता, ओट्यापाशी एका हाताने पोळी लाटत असताना आणि दुसऱ्या हाताने डबे भरत असताना कळ येते का? आणि संडासात तेव्हा कुणीतरी पेपर घेऊन बसलेलं असतं? बहुतेक घरांतल्या सुना इथे "नंतर बघू" म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत ती कळ विरून जाते. मळ मागे सरकतो, त्यातलं आणखी पाणी शोषलं जातं, आणि पुढची लाट थेट दुसऱ्या दिवशी. स्वयंसेवकांना मुद्दाम कळ दाबायला लावून पाहिलं, तेव्हा अख्ख्या आतड्याची चाल मंदावली. तुमचं माहेरीही असंच होतं, म्हणजे मूळ घडण मंद आहेच, पण त्यात स्वयंपाकघराची भर पडतेय का हे तुम्हालाच ठरवता येईल. आठ दिवस कुठे निवांत राहायला गेलात की लक्षात येईल. तोवर चहा झाल्यावरची दहा मिनिटं तुमच्या नावावर ठेवायला घरच्यांना सांगा. ती मिळवणं औषधापेक्षा अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही काळजी कधी करायची? तुमचा तिसरा दिवस काही आठवडे सहाव्या-सातव्या दिवसावर जायला लागला, खडे यायला लागले, किंवा रक्त दिसलं तर. तेव्हा आधी औषधांची पिशवी तपासा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीनचं खोकल्याचं औषध, ही नेहमीची कारणं. मग थायरॉइडची तपासणी. केस गळतायत, थंडी सोसत नाही, वजन वाढतंय आणि पोटही मंदावलंय, असं एकत्र असेल तर ती लवकर करा.

आता सासरे.

दिवसाला तीन वेळा म्हणजे वरच्या हिशेबात ते 'मर्यादेत'च दिसतात. पण आकड्यांची मर्यादा हजार माणसांची असते, एका माणसाची नव्हे. चाळीस वर्षं पहाटे साडेपाचला एकदाच जाणारा माणूस बासष्टाव्या वर्षी दीड महिना तीन-चारदा जातोय, हा बदल आहे. तुमचं तीन दिवसांनी जाणं हा बदल नाही, तुम्ही जन्मभर तशाच आहात. प्रत्येकाचं पोट त्याच्या स्वतःच्या जुन्या पोटाशीच ताडून बघायचं असतं. बाहेरचं खाऊन चार दिवस बिघडलं तर कुणी धावत सुटायचं नाही. पण पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर बदल तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकला, तर तो दाखवायचाच. सोबत रक्त असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

मूळव्याधीचं नाव ऐकलं की आपल्याकडे तपास थांबतो. मूळव्याधीने रक्त जातं, खरं आहे. बहुधा लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब पडणारं. पण मूळव्याध माणसाला एकाची चारदा पाठवत नाही. वारंवारता बदलली की वरच्या बाजूला काय आहे ते बघावंच लागतं, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला दुसरा आजार होत नाही असा काही नियम नाही.

पूर्वी माझ्याकडे एक अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी आले होते. आठ महिने मूळव्याधीची मलमं आणि गोळ्या चालू. तीन ठिकाणी दाखवलेलं, पण एकाही ठिकाणी कुणी बोट घालून तपासलं नव्हतं. मी विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?" म्हणाले, "पाच-सहा. पण होत काहीच नाही. चमचाभर शेंब, थोडं लाल, आणि उठलो की पुन्हा कळ." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. गुदाशयात गाठ किंवा सूज असली की ती जागा भरल्यासारखी वाटत राहते. आतडं तिलाच मळ समजून ढकलत राहतं, म्हणून फेऱ्या वाढतात आणि ऐवज मात्र थोडा. त्यांना डाव्या कुशीवर झोपवून हातमोज्यातलं बोट घातलं, तर चार सेंटिमीटरवर कडक, खडबडीत गाठ लागली. अर्ध्या मिनिटाचं काम. आठ महिन्यांत तेवढं कुणी केलं नाही, आणि मला अजून त्याचा राग येतो.

तुमच्या सासऱ्यांना हेच असेल असं मी म्हणत नाही. जंतुसंसर्ग असेल, आतड्याची सूज असेल, आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, साधा मोडाएवढा पॉलिप असेल, किंवा मधुमेहासाठी नव्याने सुरू झालेली मेटफॉर्मिनची गोळी असेल. मेटफॉर्मिनने पोट सैल होतं, पण तेव्हा मळ पातळ आणि भरपूर असतो, त्यात रक्त नसतं. म्हणून त्यांना विचारायचं ते हे: प्रत्येक वेळी भरपूर होतं की थोडंथोडं? शेंब किंवा आव पडते का? रक्त वरून थेंबाथेंबाने पडतं की मळात कालवलेलं असतं? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? साध्या संवेदनशील आतड्याचा त्रास माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही. पट्ट्याचं भोक एक-दोन आत सरकलंय का? जिना चढताना दम लागतो का? पुरुषाला लोह कमी पडून रक्त उतरलं असेल, तर ते आतड्यातून कुठेतरी झिरपतंय असंच धरून चालायचं. डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण त्याला तो चिकटपणा आणि वास नसतो. घरात कुणाला, विशेषतः सख्ख्या नात्यात, आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हेही विचारा.

हे सगळं ते सुनेला सांगणार नाहीत. हे काम तुमच्या मिस्टरांचं.

डॉक्टरांकडे बोट घालून तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि मळाची तपासणी एवढं पहिल्या भेटीत होतं. त्यांचं वय, बदल आणि रक्त असं तिन्ही एकत्र असल्यामुळे बहुधा दुर्बिणीने मोठं आतडं बघायला सांगतील. तिला नाही म्हणू नका. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध तिथूनच मिळतं आणि खरा त्रास त्या औषधाचाच असतो. तपासणीच्या वेळी गुंगी देतात. तपासणी न करता नुसती मलमं लिहून दिली, तर उठताना स्पष्ट विचारा, "आतून बघितलं का?"

त्यांना एरंडेल का नको, तेही सांगून टाकतो. आतड्याची वाट कुठे अरुंद झालेली असेल तर मागून जोराने ढकलल्यावर ती तुंबू शकते. पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारासुद्धा सरकेना, अशी वेळ आली तर घरचं कुठलंच औषध न देता सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या, रात्र असली तरी.

सोमवारची वेळ घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत द्या. आणि या रविवारी चहा दोघांनाही बिनएरंडेलाचा.